६४० रुपयांचा कागद

जानेवारी २०२३ मध्ये मी खराडीतली जुनी नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी लॅपटॉप परत केला, आयकार्ड दिलं आणि एचआरच्या मुलीने पुढे केलेल्या एका कागदावर सही केली. ‘व्हेस्ट झालेले ऑप्शन शेवटच्या दिवसापासून ९० दिवसांत एक्सरसाइज न केल्यास रद्द होतील,’ असं त्यावर होतं. ऑप्शन म्हणजे आधी ठरलेल्या किमतीला कंपनीचे शेअर घेण्याचा हक्क. नोकरीत राहिलं की तो थोडा थोडा पक्का होतो, म्हणजे व्हेस्ट होतो, आणि पैसे भरून शेअर घेणं म्हणजे एक्सरसाइज. चार वर्षं दर वर्षी मेल यायचा, ‘अभिनंदन, तुमचे इतके ऑप्शन व्हेस्ट झाले,’ आणि मी तो न वाचता पुढे सरकायचे. कंपनी शेअर बाजारात नव्हती, त्यामुळे ते ऑप्शन मला दिवाळीच्या कूपनसारखेच वाटायचे. आता अचानक त्यांना मुदत आली.

माझ्याकडे १,५०० ऑप्शन होते. एक्सरसाइज किंमत ४० रुपये, म्हणजे ६०,००० रुपये भरले की १,५०० शेअर माझे. गुंतवणूकदारांनी शेवटच्या फेरीत शेअरला ९०० च्या पुढे भाव दिल्याचं पेपरात आलं होतं. टीममधला माझा एक मित्र ‘साठ हजारात साडेतेरा लाख’ म्हणून मला चहाच्या टपरीवर हिशोब करून दाखवत होता. (तो हिशोब चुकीचा होता. गुंतवणूकदार बहुतेक वेळा प्रेफरन्स शेअर घेतात, त्यांना कंपनी बुडाली तर आधी पैसे मिळण्याचे वगैरे हक्क असतात. आपल्याला मिळतो तो साधा इक्विटी शेअर, आणि त्याची किंमत वेगळी निघते.)

मी २० मार्चला एक्सरसाइजचा अर्ज भरला आणि ६०,००० पाठवले. उत्तर आलं की शेअरचं वाटप, म्हणजे अलॉटमेंट, संचालक मंडळाच्या बैठकीत होईल आणि बैठक एप्रिलमध्ये आहे. म्हटलं ठीक आहे, मला काय घाई. १२ एप्रिल २०२३ ला अलॉटमेंट झाली. पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळ या तेवीस दिवसांत आहे, हे तेव्हा माझ्या गावीही नव्हतं.

कायदा असा आहे. ऑप्शन मिळतो किंवा व्हेस्ट होतो तेव्हा काहीच टॅक्स नाही. एक्सरसाइज करून शेअर हातात आला की कंपनीने तुम्हाला बाजारभावापेक्षा स्वस्तात वस्तू दिली, म्हणून मधला फरक तुमच्या पगाराचाच भाग धरतात. याला परक्विझिट म्हणतात. किती स्वस्तात, हे ठरतं एक्सरसाइजच्या दिवशीच्या वाजवी बाजारमूल्यावरून. सगळे त्याला एफएमव्ही म्हणतात, मीही तेच म्हणते. शेअर इथल्या बाजारात नोंदलेला असेल तर त्या दिवशीच्या उघडत्या आणि बंद भावाची सरासरी घेतात. माझ्या कंपनीसारखा नोंदलेला नसेल तर मर्चंट बँकरचं मूल्यांकन लागतं, आणि ते एक्सरसाइजच्या आधीच्या १८० दिवसांतलं असलं तरी चालतं. आमचं मूल्यांकन ३१ डिसेंबर २०२२ चं होतं आणि त्यात आकडा होता ६४० रुपये.

म्हणजे एका शेअरमागे ६०० रुपये फायदा आणि १,५०० शेअरचे ९,००,००० रुपये. एक दमडी हातात न येता माझा पगार नऊ लाखांनी वाढला. आणि गंमत बघा, किंमत धरायची ती एक्सरसाइजच्या दिवसाची, पण उत्पन्न धरायचं ते शेअर अलॉट झाले त्या वर्षाचं. २० मार्च आणि १२ एप्रिल यांच्यामध्ये ३१ मार्च पडतो. त्यामुळे हे नऊ लाख २०२३-२४ च्या वर्षात गेले, आणि त्या वर्षी मी जुन्या कंपनीत एक दिवसही काम केलेलं नव्हतं.

अलॉटमेंटच्या आधी पेरोलकडून मेल आला, ‘टीडीएसपोटी ४१,६०० रुपये पाठवा.’ पगार चालू असता तर त्यातूनच कापले असते, पण पगार नव्हता, म्हणून मीच पाठवले. नऊ लाखांवर फक्त एकेचाळीस हजार! मला वाटलं, टॅक्सबद्दल लोक उगाच रडतात. त्या शनिवारी घरच्यांना जेवायला घेऊन गेले आणि बिल मीच दिलं.

२०२४ च्या जुलैमध्ये रिटर्न भरायला बसले तेव्हा पोर्टलवर एआयएस उघडलं, म्हणजे आयकर खात्याकडे पोचलेल्या माझ्या वर्षभराच्या उत्पन्नाचं पत्रक. पगाराच्या खाली दोन ओळी होत्या. एक नव्या कंपनीची, २४ लाखांची. दुसरी जुन्या कंपनीची, ९ लाखांची. दोन्ही आकडे भरून पुढे गेले आणि शेवटी ‘देय कर’ म्हणून जे आलं ते बघून मी ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला. २,३९,२०० रुपये, वर व्याज.

आमच्याकडे टॅक्सचं सगळं वडिलांच्या वेळेपासून टिळक रोडवरच्या एका सीएंकडे असतं. मी त्यांना काकाच म्हणते. पगार एवढाच असल्यामुळे गेली काही वर्षं मी रिटर्न स्वतःच भरत होते, आणि ते काकांना फारसं रुचलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पावसात भिजत त्यांच्याकडे गेले. जिना चढून वर गेल्यावर ते छत्री ठेवायची जागा दाखवत म्हणाले, “ये. वर्षातून एकदा यायचं तर जुलैतच का येता गं तुम्ही सगळे?”

त्यांनी एका पाठकोऱ्या कागदावर दोन खाती मांडली. नव्या कंपनीला फक्त तिच्या २४ लाखांची माहिती होती. तिने ५०,००० ची प्रमाणित वजावट दिली, पहिल्या तीन लाखांवर शून्य, पुढच्यावर पाच टक्के, दहा टक्के अशा पायऱ्या चढत ४,२१,२०० रुपये कापले. जुन्या कंपनीला त्या वर्षापुरते फक्त ९ लाख दिसत होते. तिनेही ५०,००० वजा केले आणि साडेआठ लाखांवर तळापासून त्याच पायऱ्या चढल्या. तीन लाखांवर शून्य, पुढच्या तीन लाखांवर १५,०००, उरलेल्या अडीच लाखांवर २५,०००. झाले ४०,०००, त्यावर चार टक्के सेस धरून ४१,६००.

“एकाच बाईला दोन घरांनी स्वस्तातलं रेशन दिलं,” काका म्हणाले. “पण तुझं कार्ड एकच आहे.”

खरं तर माझा २४ लाखांचा पगारच तीस टक्क्यांच्या पायरीवर पोचलेला होता, त्यामुळे वरचे नऊ लाख पूर्णच्या पूर्ण ३१.२ टक्क्यांनी जायला हवे होते. ते होतात २,८०,८००. त्यातून कापलेले ४१,६०० वजा केले की २,३९,२०० उरतात. पोर्टल अगदी बरोबर होतं. ही रक्कम मी वर्षभरात आगाऊ कर म्हणून भरायला हवी होती आणि भरली नव्हती, म्हणून जुलैपर्यंत दोन कलमांखालचं व्याज मिळून २१,६४४ रुपये झाले.

मी विचारलं, “काका, पण टीडीएस बरोबर कापायची जबाबदारी कंपनीची नाही का?”

“कंपनीने तिला दिसलं तेवढं कापलं. तुझा नवा पगार तिला कोण सांगणार? हे तू नव्या कंपनीला सांगायचंस. फॉर्म १२बी असतो, आधीच्या मालकाकडून त्या वर्षात काय मिळालं आणि किती कापलं ते लिहून द्यायचं. मग त्यांनी एप्रिलपासून मार्चपर्यंत थोडं थोडं कापलं असतं आणि व्याज लागलं नसतं.” मग चष्मा काढून म्हणाले, “टॅक्स मात्र तेवढाच लागला असता. तो काही वाचला नसता.”

आणखी एक आशा होती. स्टार्टअपच्या कर्मचाऱ्यांना हा कर पुढे ढकलता येतो, असं कुठेतरी वाचलं होतं. येतो, पण स्टार्टअप म्हणून सरकारी नोंदणी असणं पुरत नाही, तेव्हाच्या कायद्यातल्या कलम ८०-आयएसीखालचं वेगळं प्रमाणपत्र कंपनीकडे लागतं. ते आमच्या कंपनीकडे नव्हतं. आणि असतं तरी मला उपयोग शून्य. कारण शेअर विकले, नोकरी सोडली किंवा ठरावीक वर्षं उलटली, यातलं जे आधी होईल तिथे सवलत संपते, आणि मी तर नोकरी सोडल्यामुळेच एक्सरसाइज केलं होतं.

त्या वर्षी मला आयटीआर-१ सोडून आयटीआर-२ भरावं लागलं. बाजारात न नोंदलेल्या कंपनीचे शेअर तुमच्याकडे आहेत का, असा प्रश्न त्यात असतो आणि कंपनीचं नाव, पॅन, किती शेअर कधी मिळाले हे सगळं लिहावं लागतं. एफडी मोडून पैसे भरले. १,५०० शेअर डीमॅटमध्ये पडून होते, त्यांना गिऱ्हाईक नव्हतं, आणि त्यांच्यासाठी आतापर्यंत माझे ६०,०००, २,८०,८०० आणि २१,६४४ गेले होते. जेवणाचं बिल मी धरत नाही.

त्याच वर्षी नशीब फिरलं. कंपनीने आधी शेअर स्प्लिट केला, दहा रुपये दर्शनी किमतीचा पाच रुपयांचा, त्यामुळे माझे १,५०० चे ३,००० झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये शेअर बाजारात नोंदला गेला. आयपीओच्या आधीच्या शेअरांवर सहसा सहा महिने विक्रीबंदी असते, पण कर्मचारी योजनेतून मिळालेल्या शेअरांना ती लागत नाही, जुन्या कर्मचाऱ्यांनाही नाही. डिसेंबरमध्ये भाव ४१० ला गेला तेव्हा मी २,००० शेअर विकले आणि ८,२०,००० आले. उरलेले हजार ‘अजून वर जाईल’ म्हणून ठेवले. पुढच्या तीन महिन्यांत भाव पायऱ्या उतरावा तसा उतरला. मार्चमध्ये बाणेरच्या फ्लॅटचा हप्ता भरायचा होता म्हणून शेवटी २५० ला ते हजारही काढले. आणखी अडीच लाख. एकूण १०,७०,००० रुपये बँकेत आले.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये (त्या वर्षी मुदत सप्टेंबरपर्यंत वाढवली होती) मी ब्रोकरच्या अॅपमधून भांडवली नफ्याचा अहवाल काढला. दीर्घकालीन नफा १०,१०,०००. मी स्वतःच हिशोब केला. सव्वा लाख माफ, उरलेल्या ८,८५,००० वर साडेबारा टक्के म्हणजे १,१०,६२५, सेस धरून १,१५,०५०. दहा लाखांवर एवढा, म्हणजे वाजवीच वाटला. आदल्या वर्षीचा धडा लक्षात ठेवून पैसे बाजूलाही ठेवले. या वेळी काकांकडे गेले ती फक्त एकदा नजर फिरवून घ्यायला.

काकांनी अहवालाचं पहिलं पान उलटलं आणि खरेदी किमतीच्या रकान्यावर बोट ठेवलं.

“हे वीस रुपये कुठून आले?”

“मीच टाकले. शेअर डीमॅटमध्ये आले तेव्हा अॅपला खरेदीचा भाव माहीत नव्हता, रकाना रिकामा होता आणि भरा म्हणत होतं. मी ४० दिले होते म्हणून ४० टाकले. स्प्लिटनंतर त्याचे २० झाले.”

“बरं. आणि ४० पासून ६४० पर्यंतचा टॅक्स कोणी भरला?”

“मीच.”

“मग आता पुन्हा कशाला भरतेस?”

मी गप्प बसले. खरं सांगायचं तर क्षणभर कळलंच नाही. माझ्या खिशातून शेअरसाठी ४० च गेले होते, मग खरेदी किंमत ६४० कशी असेल?

काकांनी समजावलं ते असं. एक्सरसाइजच्या दिवशी कायद्याने मानलं की कंपनीने तुला प्रत्येक शेअरमागे ६०० रुपये पगार दिला. समज, तो पगार खरंच रोख दिला असता आणि त्यात स्वतःचे ४० घालून तू बाजारातून ६४० ला शेअर घेतला असतास. मग विकताना तू खरेदी किती धरली असतीस? तेच इथे. परक्विझिट काढताना जो एफएमव्ही धरला, तोच पुढे शेअरची खरेदी किंमत. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ४९ मध्ये त्यासाठी (२एए) हे स्वतंत्र पोटकलमच होतं. ४० ते ६४० हा टप्पा पगाराचा, त्यावर पगाराचा दर. ६४० च्या पुढचा टप्पा भांडवली नफ्याचा, त्याचा दर वेगळा. शिवण ६४० वर आहे आणि दोन्ही बाजूंचं कापड तिथेच जुळलं पाहिजे.

मग त्यांनी विचारलं, “स्प्लिट होता की बोनस? नीट आठव.” मी म्हटलं स्प्लिटच, तर ते खूश झाले. स्प्लिटमध्ये ६४० चे सरळ दोन भाग होतात, प्रत्येक शेअरला ३२०. तेच एकास एक बोनस असता तर मूळ शेअरची किंमत ६४० च राहिली असती आणि बोनस शेअरची शून्य, शिवाय बोनसचा धारणकाळ वेगळा मोजावा लागला असता. डीमॅटमध्ये दोन्ही सारखेच दिसतात, आकडा दुप्पट झालेला.

आता हिशोब पुन्हा. डिसेंबरचे २,००० शेअर ४१० ला विकले, खरेदी ३२०, नफा शेअरमागे ९० म्हणजे १,८०,०००. मार्चचे १,००० शेअर २५० ला विकले, खरेदी ३२०, तोटा शेअरमागे ७० म्हणजे ७०,०००. धारणकाळ मोजायचा तो अलॉटमेंटपासून, १२ एप्रिल २०२३ पासून. एक्सरसाइजपासूनही नाही आणि बाजारात नोंदणी झाल्यापासून तर नाहीच. विकताना शेअर नोंदलेला होता, त्यामुळे बारा महिन्यांची मर्यादा, आणि दोन्ही विक्री तिच्या पलीकडच्या. म्हणून दोन्ही दीर्घकालीन. दीर्घकालीन तोटा दीर्घकालीन नफ्यातून वजा होतो, तेव्हा निव्वळ नफा १,१०,०००. सव्वा लाखापर्यंत कर नाही.

टॅक्स शून्य.

मी १,१५,०५० बाजूला काढून ठेवले होते.

माझ्या डोक्यात एक शंका होती ती विचारली. सव्वा लाखाची माफी आणि साडेबारा टक्क्यांचा दर ज्या कलम ११२ए मध्ये होता, त्यात खरेदी आणि विक्री दोन्ही वेळी एसटीटी, म्हणजे शेअर बाजारातल्या व्यवहारावरचा कर, भरलेला असावा असं म्हटलंय. मी तर शेअर थेट कंपनीकडून घेतले, तिथे एसटीटी कुठला? काका म्हणाले, बरोबर पकडलंस, पण ईसॉपला, म्हणजे कर्मचाऱ्यांना ऑप्शनमधून मिळालेल्या शेअरांना, २०१८ च्या अधिसूचनेने खरेदीच्या वेळच्या अटीतून सूट दिलेली आहे. विकताना मात्र भरलेला हवा, आणि एक्सचेंजवर विकलं की तो कापला जातोच. हेच शेअर नोंदणीच्या आधी कुणाला खासगीत विकले असते तर बाराऐवजी चोवीस महिने मोजावे लागले असते आणि सव्वा लाखाची माफीही मिळाली नसती.

आणि मार्चचे हजार शेअर? ते मी एप्रिलमध्ये विकले असते, तर २०२४-२५ मध्ये एकटा १,८०,००० नफा उरला असता, ५५,००० वर ७,१५० रुपये कर लागला असता, आणि ७०,००० चा तोटा पुढच्या वर्षांत ओढत न्यावा लागला असता. तसा तो आठ वर्षं नेता येतो, रिटर्न वेळेत भरलं तर. माझं ते शहाणपण नव्हतं, बिल्डरचा हप्ता होता.

एका गोष्टीने मात्र मला आजही चिडचिड होते. त्या हजार शेअरांवर मी शेअरमागे ३०० रुपये पगार धरून ३१.२ टक्के कर भरला होता. भाव नंतर २५० ला आला, म्हणजे त्या पगारातला काही भाग कधी मिळालाच नाही. पण भांडवली तोटा पगारातून वजा होत नाही, दोन खात्यांमध्ये भिंत आहे. माझ्याकडे दुसऱ्या बाजूला नफा होता म्हणून तोटा कामी आला. मघाचा साडेतेरा लाखवाला मित्र दुसऱ्या स्टार्टअपमध्ये गेला आणि तिथे त्याने असेच शेअर घेतले. ती कंपनी अजून नोंदलेली नाही आणि मूल्यांकन एक्सरसाइजच्या वेळच्या निम्म्यावर आलंय. त्याने भरलेला कर परत मिळायचा रस्ता नाही. उद्या पडत्या किमतीला विकले तरी तो तोटा फक्त भांडवली नफ्याचीच वाट बघत बसणार.

आता राहिला पुरावा. काका म्हणाले, “६४० सांगतेस ते ठीक, पण कागद दाखव. अॅपने वीस म्हटलंय आणि उद्या खात्याने विचारलं तर तोंडी चालणार नाही.” मर्चंट बँकरच्या मूल्यांकनाची प्रत माझ्या ऑफिसच्या मेलवर आली होती, आणि तो मेल नोकरी सोडली त्याच दिवशी बंद झाला होता. एआयएसमध्ये विक्रीच्या दोन्ही नोंदी होत्या, पण खरेदी किमतीच्या जागी शून्य. जुन्या कंपनीत ज्या मुलीने माझी सही घेतली होती तीही सोडून गेली होती. दोन मेलना उत्तर आलं नाही.

मग काकांनीच वाट काढली. जुन्या कंपनीचा २०२३-२४ चा फॉर्म १६ माझ्या जीमेलवर आला होता आणि त्याला फॉर्म १२बीए जोडलेला होता. पगाराव्यतिरिक्तच्या सवलती त्यात ओळीओळीने लिहिलेल्या असतात. बहुतेक ओळींपुढे शून्य, आणि स्टॉक ऑप्शनच्या ओळीपुढे ९,००,०००. बँकेच्या स्टेटमेंटमध्ये मार्च २०२३ ला कंपनीला पाठवलेले ६०,०००. डीमॅटच्या स्टेटमेंटमध्ये १,५०० शेअर जमा. नऊ लाख अधिक साठ हजार, भागिले दीड हजार. काकांनी कॅल्क्युलेटर माझ्याकडे वळवला. ६४०.

“मूल्यांकनाची प्रत तरी मागत राहा,” ते म्हणाले, “पण ही तीन पानं एकत्र ठेव. कंपनीने स्वतः खात्याला कळवलेला आकडा आहे हा. यापेक्षा चांगला साक्षीदार नाही.”

रिटर्न भरताना ब्रोकरची फाइल आपोआप उचलू दिली नाही, `Schedule 112A` मध्ये हाताने भरलं. खरेदी ३१ जानेवारी २०१८ नंतरची निवडली की तिथे शेअरवार तपशील मागत नाहीत. आयएसआयएन, म्हणजे शेअरच्या सांकेतिक क्रमांकाच्या जागी `INNOTREQUIRD` असं चुकीच्या स्पेलिंगसारखं दिसणारं काहीतरी येतं आणि नावाच्या जागी `CONSOLIDATED`. मी घाबरून काकांना फोन केला. त्यांनी सांगितलं, ते तसंच असतं, बारा अक्षरांत बसवायचं म्हणून. विक्री १०,७०,०००, खरेदी ९,६०,०००, फरक १,१०,०००. विक्री २३ जुलै २०२४ च्या आधीची की नंतरची हेही त्या वर्षी विचारलं होतं, कारण त्या दिवसापासून दर दहाचा साडेबारा झाला. माझ्या दोन्ही विक्री नंतरच्या.

अॅपमध्ये जाऊन तो वीसचा आकडाही ३२० केला, शेअर शिल्लक नसतानाही.

मूल्यांकनाची प्रत शेवटी ऑक्टोबरमध्ये आली, एका अनोळखी माणसाच्या मेलवरून, ‘विलंबाबद्दल क्षमस्व’ एवढ्या एका ओळीसह. बारा पानांच्या अहवालात नवव्या पानावर ६४० होतं. प्रिंट काढून तीन पानांच्या मागे लावली. त्याच आठवड्यात नव्या कंपनीचा मेल आला होता, ‘अभिनंदन, तुमचे ऑप्शन व्हेस्ट झाले.’ तो मी ऑफिसच्या मेलवरून जीमेलवर पाठवला.